निरोपाचे चार शब्द: लोणच्याची बरणी आणि 'आलोच'

प्रश्न: माझा शाळेपासूनचा मित्र अविनाश पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीला, स्टुटगार्टला चाललाय. रविवारी मळ्यावर रस्सा मंडळ ठेवलंय. त्याचे आई-वडील, बायको, ऑफिसचे लोक आणि आम्ही मित्र धरून चाळीसेक माणसं. चार शब्द मी बोलायचे ठरलंय. हे लिहिलंय: 'आज आपण सर्वजण अविनाशला निरोप देण्यासाठी येथे जमलो आहोत. अविनाश हा अत्यंत मनमिळाऊ, हसतमुख व इतरांच्या मदतीला धावून जाणारा मित्र आहे. त्याच्या जाण्याने आमच्यात पोकळी निर्माण होईल. सातासमुद्रापार तो उत्तुंग भरारी घेईल व कोल्हापूरचे नाव उज्ज्वल करेल. त्याच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!' वाचताना मलाच कंटाळा येतो. आठवणी सांगाव्यात तर विशेष काही नाही. पुरात आजीची लोणच्याची बरणी त्यानं बाहेर काढली, कायम 'आलोच' म्हणून उशिरा येतो, पन्हाळ्याची एक भानगड आहे, असलंच. काय करू?

उत्तर: मी अठरा वर्षं कोल्हापुरात निवेदन करते आणि लोकांना भाषणं लिहून देते. त्यात निरोपाची भाषणं सगळ्यात जास्त. तुमचा मजकूर वाचून मी तुम्हाला काही प्रश्न उलट पाठवले होते. तुमची उत्तरं काल आली, ती धरूनच लिहिते.

तुमच्या मजकुरात चूक एकही नाही, पण तो अविनाशचा नाही. ही सगळी वाक्यं आपण दहावीच्या निरोप समारंभात शिकलो, मग बदली झालेल्या साहेबांच्या आणि निवृत्त होणाऱ्या गुरुजींच्या कार्यक्रमात पुन्हापुन्हा ऐकली. माईक हातात आला की तोंडातून तीच येतात. तुम्ही तर 'आहे' आणि 'व' सुद्धा सभेतले वापरलेत. तुम्ही दोघं एकमेकांशी 'अत्यंत' किंवा 'निर्माण होईल' असं कधी बोलला आहात का? त्याला 'अविनाश' म्हणून हाक मारणारं त्या मळ्यावर त्याच्या साहेबांशिवाय कोणी असणार आहे का? तुम्ही मला पाठवलेल्या उत्तरांत सगळीकडे 'अव्या' आहे. भाषणातही अव्याच पाहिजे. मजकूर पालटायला लागताना मी सगळ्यात आधी नाव बदलते. नाव बदललं की पुढची क्रियापदं आपोआप घरची होतात, कारण 'अव्या'च्या पुढे 'उत्तुंग भरारी घेईल' हे जिभेवर बसतच नाही.

आता तुमची विशेषणं. एकेक शब्द धरा आणि स्वतःला विचारा, की हे मला कधी कळलं? 'मनमिळाऊ' आणि 'हसतमुख' यांना तुमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते दोन्ही गेले. 'मदतीला धावून जाणारा' म्हटल्यावर मात्र तुम्ही लगेच पुराचं लिहिलंत. म्हणजे त्या शब्दाखाली एक खरा प्रसंग दबलेला आहे. तुम्ही तो 'विशेष काही नाही' म्हणून बाजूला ठेवलात आणि वरचं झाकण तेवढं भाषणात घेतलंत. बहुतेक जण हेच करतात, कारण आपल्याला रोजचं वाटतं ते लोकांना ऐकण्यासारखं वाटत नाही.

बरणीबद्दल मी तुम्हाला बारीकसारीक विचारलं तेव्हा तुम्हाला नवल वाटलं असेल. बरणी कशाची, तिच्यावर काय बांधलेलं, पाणी कुठपर्यंत, तुम्ही त्याला नक्की काय आणायला सांगितलं होतं आणि तो बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलला. तुमच्या उत्तरांतून हे निघालं. बरणी चिनीमातीची, तोंडाला दादरा बांधलेला. पाणी घरात गुडघ्याच्या वर. तुम्ही सांगितलं होतं कपाटातली निळी फाईल आण. तो आला तो बरणी डोक्यावर घेऊन, फाईल काखेत. फाईल भिजली, लोणचं कोरडं राहिलं. आणि तो आजीला म्हणाला, 'आजी, बरणी निघाली बघा. आता तुम्ही चला की.'

भाषणाचं काळीज हे वाक्य आहे. आजी बरणीशिवाय हलणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तिच्याशी वाद घालत बसले होते. अव्यानं वाद घातला नाही, बरणी उचलली. तो कसा माणूस आहे ते ऐकणाऱ्याला एवढ्यावरून कळतं. म्हणून प्रसंग संपल्यावर 'यावरून त्याचा मदतशील स्वभाव दिसून येतो' असं एक अक्षरही जोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहा मजकुरांपैकी आठांत हे जोडवाक्य असतं. ते आलं की लोक मान डोलावतात, पण ज्या जागी त्यांना भरून आलं असतं ती जागा तुम्ही स्वतःच बुजवलेली असते. प्रसंग सांगा, क्षणभर थांबा आणि पुढे जा.

पुराचा प्रसंग ऑफिसच्या लोकांना कळावा म्हणून एकच वाक्य आधी टाका. कोल्हापूरकराला 2019 म्हटलं की पुरे. आपण पंचगंगेची आठवण फुटांत ठेवतो. राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या ऑगस्टात नदी 55 फुटांच्या वर गेली होती. बाहेरगावच्या माणसाला हे दोन आकडे शेजारी ठेवून सांगितले की पुढचं सगळं समजतं. महामार्ग बंद होता, पेट्रोल मिळत नव्हतं, हे सगळं खरं असलं तरी सांगत बसू नका, नाहीतर भाषण पुराचं होईल.

दुसरी तुमची चांगली वस्तू म्हणजे 'आलोच'. आपल्या टोळीत एखादा शब्द रुळलेला असतो. चौघांत तो म्हटला की चौघं लोळतात, आणि चाळिसांत म्हटला की तेच चौघं लोळतात. बाकीचे छत्तीस त्या कोपऱ्याकडे बघत बसतात. असं झालं की समजायचं, विनोद बसवायचा राहिला. बसवणं म्हणजे समजावून सांगणं नव्हे. ऐकणाऱ्याला तो अनुभव एकदा घेऊ द्यायचा, म्हणजे तुमचा शब्द त्याचाही होतो. तुम्ही लिहिलंत की फोनवर अव्या 'हॉकी स्टेडियमपाशी आलोय' म्हणतो आणि मागे त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. ही शिट्टीच बसवण्याचं काम करते. ती ऐकवलीत की पाच सेकंदांत ऑफिसचे साहेबसुद्धा तुमच्या टोळीत आले. एकदा बसलेला शब्द पुढे दोनदा वापरता येतो, आणि शेवटी तो हसवायला नको, दुसऱ्याच कामाला घ्यायचा. ते मी खालच्या मजकुरात केलंय.

पन्हाळ्याची भानगड मात्र काढून टाका. तुम्हीच लिहिलंत की वहिनींना ती माहीत नाही. मी एक सोपी कसोटी लावते: ज्याची गोष्ट आहे तो ती स्वतः चारचौघांत सांगतो का? अव्या 'आलोच'वर स्वतः हसतो, बरणीचं तर तो स्वतःच रंगवून सांगतो. पन्हाळ्याचं तो कधी काढत नाही, म्हणजे ते त्याचं आहे, आपलं नाही. काही वर्षांपूर्वी एका निरोपाच्या जेवणात मी निवेदनाला होते. मित्रानं प्रेमानं सांगितलं की ह्याला व्हिसा तिसऱ्या खेपेला मिळाला. पहिले दोन नकार त्या मुलानं वडिलांपासून लपवले होते. वडील समोर बसलेले. टाळ्या झाल्या, पण त्या मुलाला घास गिळवेना. ते मी विसरले नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक मजकूर आधी घरच्या एका माणसाला ऐकवायला सांगते. तुमच्या बाबतीत वहिनींना फोन करा. अव्याला कळू देऊ नका. बरणीची गोष्ट त्या टोळीतल्या आणखी एकाला विचारून पक्की करा, नाहीतर ऐन रंगात कोणीतरी मागून ओरडतो, 'फाईल हिरवी होती!'

राहिली 'पोकळी' आणि 'उत्तुंग भरारी'. ह्या दोन वाक्यांना खरं म्हणजे दोनच गोष्टी सांगायच्या आहेत: तो इथं नसणार आणि तो लांब असणार. लांब म्हणजे किती ते सांगा. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार, कारण ते लोक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात. ज्या माणसाची ओळखच उशिरा येणं आहे, त्याच्यासाठी याहून चांगला आकडा शोधून सापडणार नाही. आकडा अचूक सांगा, कारण अर्धे लोक तिथल्या तिथे मोबाईल काढून बघतील. आणि 'कोल्हापूरचं नाव उज्ज्वल' करण्याऐवजी कोल्हापूरचं काय बरोबर जाऊ शकतं आणि काय नाही ते सांगा. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून सोबत नेऊ देत नाहीत, म्हणजे रस्सा गेला. लोणचं आणि कांदा-लसूण चटणी जाते. लोणच्याची बाटली नीट सील करून विमानात सोपवायच्या सामानात ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि बिचारं लोणचं मुंबईतच राहतं.

ही सगळी जुळवाजुळव करून मी असं लिहिलंय. शब्द तुमच्या उत्तरांतलेच आहेत.

> अव्या, आज तू वेळेवर आलास. मंडळी, नीट बघून घ्या, असं परत दिसणार नाही.
>
> ऑफिसच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. अव्याला फोन केला की हा एकच शब्द बोलतो, 'आलोच.' कुठं आहेस विचारलं की म्हणतो, हॉकी स्टेडियमपाशी. आणि मागनं कुकरची शिट्टी ऐकू येते. काकू, एकदा मी तीन शिट्ट्या मोजल्यात. हॉकी स्टेडियममध्ये भात कोण लावतंय, सांगा की.
>
> 2019 च्या पुरात मात्र याला फोन करावा लागला नाही. पंचगंगेला 43 फुटांना धोका असतो, त्या वर्षी ती 55 च्या वर गेल्ती. शाहूपुरीत आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी. आजी हटून बसली, लोणच्याची बरणी आल्याशिवाय मी हलत नाही. आम्ही सगळे तिला समजावतोय. मी अव्याला म्हटलं, कपाटातली निळी फाईल आण, सगळी कागदपत्रं त्यात आहेत. हा आत गेला आणि आला तो बरणी डोक्यावर घेऊन. दादरा पण सुटला नव्हता. फाईल काखेत. कागदपत्रं भिजली. लोणचं कोरडं. आणि आजीला म्हणतोय, 'आजी, बरणी निघाली बघा. आता तुम्ही चला की.'
>
> आजी उठली.
>
> आजी आता नाही. बरणी आहे. या वर्षीचं लोणचं आईनं तिच्यातच घातलंय. त्यातली एक बाटली तुझ्या बॅगेत जाणार आहे.
>
> रस्सा तेवढा नेता येत नाही भावा, मटण युरोपात घेत नाहीत. तो आज पोटातनं ने.
>
> आणि एक. स्टुटगार्टचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतंय. थंडीत साडेचार. म्हणजे इतकी वर्षं तू एकट्याच्या हिमतीवर जे करत आलास, ते आता अख्खा जर्मनी तुझ्याबरोबर करणार.
>
> मुंबईला जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्यासारखी तुझ्यासाठी थांबणार नाही, तेवढं लक्षात ठेव. स्टेशनवर काकू रडतील. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. तू 'येतो' पण म्हणू नको. आमचा शब्द म्हण. 'आलोच.'
>
> वाटी उचला, मंडळी.

क्रम असाच ठेवा. आधी हसू, मग बरणी. उलटं केलंत तर आजीनंतर लोकांना शिट्टीवर हसायला अवघड जातं. मधला रस्सा आणि घड्याळ यांसाठी आहे की बरणीनंतर माणसांना श्वास घेता यावा. शेवटच्या 'आलोच'वर कोणी हसलं तरी चालेल, कोणी रडलं तरी चालेल. तुम्ही त्यावर काही बोलू नका.

'आजी उठली' आणि 'आजी आता नाही' यांच्यामध्ये मनात तीन आकडे मोजा. इथंच तुमचा आवाज जाईल. गेला तर जाऊ दे, पण पुढचं वाक्य 'बरणी आहे' हे दोनच शब्दांचं ठेवलंय ते यासाठी, की दाटलेल्या गळ्यातूनही दोन शब्द निघतात. लांब वाक्य तिथं अडकतं. घरी मोठ्यानं म्हणून बघा, दोनदा पुरे. पाठ करू नका. पाठ केलेलं भाषण विसरलं की माणूस परत 'पुढील वाटचालीस' कडे पळतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात फक्त सहा शब्द लिहा: आलोच, कुकर, बरणी, रस्सा, घड्याळ, येतो. बाकी तुम्हाला येतंच, तुमच्यावरच तर ते घडलंय.

वाटीबद्दल. परदेशी सिनेमात पेले उंचावतात, आणि तुमच्या मित्रांपैकी कोणाला तसं करावंसं वाटेल. त्याच्या आई-वडिलांसमोर आणि मळ्यावर ते परकं दिसतं. पांढरा रस्सा आपण नाहीतरी वाटी तोंडाला लावूनच पितो, मग तीच वाटी उचला. जे मांसाहार करत नाहीत त्यांच्या हातात सोलकढीची वाटी द्या, म्हणजे कोणी रिकाम्या हातानं उभं राहणार नाही.

यात एक अडचण आहे आणि ती भाषणाची नाही, चुलीची आहे. वाढल्यावर बोलायला लागलात तर लोकांचं लक्ष ताटात असतं आणि रस्सा निवतो. पांढरा रस्सा परत खळखळ उकळला की नारळाचं दूध फुटतं, म्हणून आचारी तो पुन्हा चढवायला तयार होत नाही. वरचा मजकूर सावकाश आणि हशा धरून साधारण तीन मिनिटांचा आहे. पंगत बसली आणि ताटं मांडली की उभे राहा. आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की तुम्ही 'आजी उठली' म्हणालात की त्यानं पांढऱ्या रस्स्याच्या वाट्या भरायला घ्यायच्या आणि आवाज न करता पंगतीत फिरवायच्या. चाळीस माणसांना दोन वाढपी लागतील. तुम्ही 'वाटी उचला' म्हणाल तेव्हा ती भरलेली आणि गरम असेल. पहिली वाटी अव्याच्या आईच्या हातात तुम्ही स्वतः द्या.